सहा मृत्यू आणि १.४

१ नोव्हेंबर १९८३ रोजी ब्रिटनमध्ये यॉर्कशायर टेलिव्हिजनचा एक माहितीपट प्रसारित झाला. कम्ब्रियाच्या किनाऱ्यावरच्या विंडस्केल अणुकेंद्राजवळ, विशेषतः सीस्केल या छोट्याशा गावात, मुलांना ल्युकेमिया फार होतो असे त्यात म्हटले होते. सरकारने सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९८४ साली आला. संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्याच्या मुळाशी अगदी लहान आकडे आहेत. सीस्केल ज्यात येते त्या मिलम ग्रामीण जिल्ह्यात १९६८ ते १९७८ या अकरा वर्षांत पंचवीस वर्षांखालील सहा जण ल्युकेमियाने दगावले. अपेक्षित मृत्यू होते १.४.

१.४ मृत्यू म्हणजे काय? अर्धामुर्धा माणूस कसा मरेल? हा आकडा मिलममध्ये मोजलेला नाही, तो बाहेरून आणलेल्या दरांवरून काढलेला आहे. एवढ्या लहान जिल्ह्यात प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर काढू गेलो, तर बहुतेक गटांत शून्य मिळते आणि एका मुलाच्या मृत्यूने दर आकाशाला भिडतो. असे दर कशाच्याच उपयोगाचे नसतात. म्हणून उलट्या वाटेने जायचे. दर देशाचे घ्यायचे, कारण तिथे मृत्यू पुष्कळ असल्याने ते स्थिर असतात. लोकसंख्या मात्र जिल्ह्याची. समजा, एका वयोगटात जिल्ह्यात १,००० मुले आहेत. अकरा वर्षांत ती ११,००० व्यक्तिवर्षे झाली. देशाचा दर दहा लाख व्यक्तिवर्षांना ४० मृत्यू असेल, तर या गटात ०.४४ मृत्यू अपेक्षित. प्रत्येक वयोगटाचे असे आकडे काढून बेरीज करायची. यालाच अप्रत्यक्ष प्रमाणीकरण म्हणतात. प्रत्यक्ष मृत्यूंना या बेरजेने भागून शंभराने गुणले की प्रमाणित मृत्यू गुणोत्तर मिळते. सहा भागिले १.४ म्हणजे सुमारे ४३०. देशाइतकाच धोका असता तर ते १०० आले असते.

४३० वाचून छातीत धस्स होते. पण एक मृत्यू कमी झाला असता तर हेच गुणोत्तर ३५७ वर आले असते. सहा या आकड्याच्या दोन्ही बाजूंची ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली, तर ती साधारण १६० ते ९३० भरते. धोका जेमतेम दीडपट असेल किंवा नऊपट असेल. त्याहून नेमके काही सांगता येत नाही. मात्र खालची मर्यादाही १०० च्या वरच राहते. १.४ अपेक्षित असताना निव्वळ योगायोगाने सहा किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता पॉयसाँच्या सूत्राने हजारात तीन येते.

मग प्रश्न मिटला का? नाही. समितीने मिलमची तुलना तशाच आकाराच्या ग्रामीण जिल्ह्यांशी केली, तेव्हा १५२ जिल्ह्यांत मिलम दुसरे आले. हजारात तीन ही शक्यता १५२ ठिकाणी लावून पाहिली, तर असा एखादा जिल्हा केवळ दैवयोगाने निघणे मुळीच अशक्य नाही. शिवाय वय पंचवीसच का, वर्षे हीच का, सीमा हीच का? आधी भिंतीवर गोळ्या झाडायच्या आणि मग जिथे त्या दाट लागल्या तिथे वर्तुळ काढायचे, असे तर झाले नाही ना? दुसऱ्या बाजूने, अणुकेंद्र तिथे आधीपासून होते. म्हणजे वर्तुळ अगदीच मनमानी नव्हते. समितीने हे प्रमाण असाधारण मानले, पण किरणोत्साराच्या अंदाजित मात्रेने त्याचा उलगडा होत नाही असे म्हटले आणि सावध दिलासा दिला.

दोन लहान जिल्ह्यांची गुणोत्तरे शेजारी ठेवून तुलना करण्याचा मोहही टाळावा लागतो. प्रत्येक गुणोत्तर त्या त्या जिल्ह्याच्या वयोरचनेच्या वजनाने बनलेले असते. एकाचे २०० आणि दुसऱ्याचे १५० म्हणजे पहिल्यात धोका अधिकच, असे ठरत नाही. तुलना देशाशी होते, एकमेकांशी नव्हे.

वर्तुळाच्या शंकेला खरे उत्तर एकच असते: आता वर्तुळ काढा आणि पुढच्या गोळ्यांची वाट पाहा. तशी वाट पाहिली गेली. ब्लॅक यांच्या शिफारशीने नेमलेल्या सल्लागार समितीने १९९६ साली सांगितले की १९८४ ते १९९२ या नंतरच्या काळातही सीस्केलमध्ये हे प्रमाण जास्तच राहिले. त्यामुळे सारा योगायोग म्हणून हात झटकणे अवघड झाले. पण कारण? वडिलांच्या किरणोत्सार-संपर्काचा तर्क मांडला गेला. बाहेरून आलेल्या लोकवस्तीमुळे पसरणाऱ्या एखाद्या संसर्गाचाही मांडला गेला. एकाही कारणाने समितीचे पूर्ण समाधान झाले नाही.

४३० हा आकडा म्हणूनच मला आरोपपत्रासारखा वाटत नाही. इथे काहीतरी आहे, पुन्हा पाहा, एवढेच तो म्हणतो. का, हे तो सांगू शकत नाही. आणि ज्या घरांतली मुले गेली, त्यांना तर नेमके तेच हवे होते.