छातीचा एक्स-रे : हृदयामागे दडलेला आजार क्रमाने वाचला तरच सापडतो

छातीच्या फिल्मवर मोठा पांढरा डाग असेल तर तो कुणालाही दिसतो. फसगत होते ती वरवर साफ वाटणाऱ्या फिल्मवर. म्हणून वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना एकच क्रम घोटवला जातो: श्वासनलिका, हाडं, फुफ्फुसं, हृदय आणि शेवटी छाती-पोटामधला पडदा, म्हणजे डायफ्रॅम. त्याचा उपयोग कसा होतो, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, 55 वर्षांचा माणूस आहे. बिडीची जुनी सवय, महिनाभर खोकला, ताप नाही. फिल्म पाहताक्षणी 'नॉर्मल' म्हणावीशी वाटते.

आधी नाव, तारीख आणि बाजूची खूण पाहायची. फिल्मवर रुग्णाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. मग फिल्म नीट निघाली आहे का, ते बघायचं. दोन्ही कॉलर बोनची आतली टोकं मधल्या मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर रुग्ण वळलेला आहे. श्वास पूर्ण घेतला असेल तर पडद्याच्या वर पुढच्या बाजूच्या 5-6 बरगड्या मोजता येतात. अर्धवट श्वासात काढलेल्या फिल्ममध्ये हृदय फुगलेलं आणि फुफ्फुसांचा तळ धुरकट दिसतो, आणि नसलेला न्यूमोनिया दिसायला लागतो. या रुग्णाची फिल्म सरळ आहे, श्वासही पुरेसा आहे.

आता श्वासनलिका. ती मध्यभागी, फार तर किंचित उजवीकडे असते. इथे ती थोडी डावीकडे आहे. रुग्ण वळलेला नाही, म्हणजे काहीतरी तिला ओढतंय किंवा ढकलतंय. छातीत बरंच पाणी साचलं तर नलिका विरुद्ध बाजूला ढकलली जाते. फुफ्फुसाचा भाग हवा जाऊन आकसला, म्हणजे कोलॅप्स झाला, तर ती त्याच बाजूला ओढली जाते. हा पहिला धागा.

हाडांमध्ये प्रत्येक बरगडीची कड मागून पुढे बोट फिरवल्यासारखी बघायची. हे काम कंटाळवाणं, म्हणूनच ते टाळलं जातं. या रुग्णात बरगड्या शाबूत आहेत, पण डावीकडे त्या जरा दाटीने आहेत. म्हणजे डावी बाजू लहान झाली आहे.

फुफ्फुसं उजवं-डावं जोडीने, एकाच पातळीवर बघायची. डावीकडचा वरचा भाग जास्त काळा, त्यातल्या रक्तवाहिन्या विरळ. रिकामी झालेली जागा भरायला वरचा खण ताणला गेलाय. फुफ्फुसाच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचा जो झुपका असतो, त्याला हायलम म्हणतात. डावा हायलम बहुतेकांत उजव्यापेक्षा थोडा वर असतो. इथे तो खाली उतरलाय.

हृदयाकडे विद्यार्थी फक्त रुंदीसाठी बघतात. पाठीमागून किरण सोडून काढलेल्या फिल्मवर मोठ्या माणसाच्या हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नसावी, हे खरंच. पण हृदयाच्या सावलीच्या आतही डोकवायला हवं, कारण त्यामागे फुफ्फुसाचा बराच भाग असतो. तिथे आता एक पांढरा त्रिकोण दिसतो. त्याची तिरकी सरळ कड हृदयाच्या डाव्या कडेच्या आत, जणू दुसरी कड असल्यासारखी आहे.

शेवटी पडदा. एक्स-रेवर कड उमटते ती हवा आणि मांस शेजारी असल्यामुळे. हवा गेली की कडही पुसली जाते. डाव्या पडद्याचा आतला भाग इथे दिसतच नाही, हृदयाची डावी कड मात्र ठळक आहे. म्हणजे बिघाड हृदयाला टेकलेल्या पुढच्या भागात नाही, मागच्या खालच्या खणात आहे. निदान : डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या खणाचा कोलॅप्स.

त्रिकोण सापडला की बाकीची फिल्म वाचायची राहून जाते. तरीही पडद्याचे दोन्ही बाहेरचे कोपरे टोकदार आहेत का ते बघायचं. उभ्या रुग्णात साधारण 200 मिलिलिटर पाणी साचल्यावर ते बोथट होतात. पडद्याखाली मोकळ्या हवेची काळी रेघ असेल तर पोटात आतडं किंवा जठर फुटल्याचा संशय घ्यायचा.

कोलॅप्स का झाला, हे ही फिल्म सांगत नाही. नळी कफाच्या गोळ्याने बंद झाली असेल किंवा गाठीने. पण बिडी ओढणाऱ्या या वयाच्या रुग्णात गाठ नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असंच धरायचं. नुसत्या अँटिबायोटिकवर घरी न पाठवता सीटी स्कॅन, आणि त्यानंतर बहुधा दुर्बिणीने श्वासनळीची तपासणी. लहान मुलात असंच चित्र दिसलं तर आधी विचारायचं, शेंगदाणा खाताना ठसका लागला होता का?