कॅन्टीनच्या जेवणात प्रोटीन किती? व्यवस्थापकांना पत्र कसं लिहाल?

डब्याऐवजी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्यांची एक अडचण असते. ताटात किती प्रोटीन, कार्ब्स आणि फॅट आलं हे कळत नाही. अॅपमध्ये 'मसूर, एक वाटी' टाकलं तर एक आकडा मिळतो. पण ती वाटी कोणाची, तिच्यात तेल किती, हे अॅपला माहीत नसतं.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 2020 च्या नियमांनुसार मेन्यूवर कॅलरी लिहिणं केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना बंधनकारक आहे. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीतल्या एखाद्या कंपनीचं कॅन्टीन स्थानिक ठेकेदार चालवत असेल, तर ते बहुधा यात बसत नाही. त्यामुळे पत्र हक्काच्या भाषेत नको, विनंतीच्या भाषेत हवं.

नेमकं काय मागायचं?

'एका वाटीत प्रोटीन किती?' असं विचारू नका, आचाऱ्याला ते सांगता येणार नाही. पण आज किती किलो मसूर भिजवला आणि किती तेल ओतलं, हे त्याला नक्की माहीत असतं. म्हणून प्रत्येक पदार्थासाठी तीन गोष्टी मागा: कच्च्या जिन्नसांचं वजन, शिजलेल्या पदार्थाचं एकूण वजन आणि एका वाढपाचं वजन.

मसाल्याचं प्रमाण मागू नका. कांदा-लसूण मसाला हा आचाऱ्याचा स्वतःचा हातखंडा असतो आणि तो विचारला की उत्तरच येत नाही. शिवाय चमचाभर तिखटानं हिशोब फारसा बदलत नाही. हिशोब बदलतो तो तेल, खोबरं, शेंगदाणे, डाळ, पीठ आणि गूळ-साखरेनं.

पत्राचा नमुना

मा. व्यवस्थापक,
कर्मचारी उपाहारगृह

विषय: दुपारच्या जेवणातील जिन्नस व वाढपाचे वजन मिळण्याबाबत

महोदय,
मी आपल्या उपाहारगृहात रोज दुपारी जेवतो. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार मला जेवणाचा हिशोब ठेवावा लागतो. त्यासाठी आठवड्याच्या मेन्यूतील अख्खा मसूर, आमटी, चपाती व भात या चार पदार्थांची पुढील माहिती मिळावी, ही विनंती.

1. एका वेळी लागणारे धान्य, डाळ, पीठ, तेल, खोबरे व शेंगदाण्यांचे वजन
2. पदार्थ तयार झाल्यावर भांड्यातील एकूण वजन
3. एका वाटीचे वजन आणि एक किलो पिठात होणाऱ्या चपात्या

मसाल्याची कृती नको आहे. माहिती अंदाजे असली तरी चालेल. वजन करण्यासाठी मी स्वतः सोयीच्या वेळी काटा घेऊन येऊ शकतो. ही माहिती केवळ माझ्या वापरासाठी आहे.

आपला विश्वासू,
(नाव, विभाग)

उत्तर आल्यावर हिशोब कसा?

समजा उत्तर असं आलं: मसूर 4 किलो, कांदा 3 किलो, टोमॅटो दीड किलो, तेल 1.1 किलो, सुकं खोबरं 300 ग्रॅम. शिजल्यावर एकूण 16 किलो, एक वाटी 160 ग्रॅम.

म्हणजे तुमची वाटी हा भांड्याचा शंभरावा भाग. तिच्यात 40 ग्रॅम कोरडा मसूर, 11 ग्रॅम तेल आणि 3 ग्रॅम खोबरं आलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांतून कच्च्या जिन्नसांचे आकडे घेतले की वाटीत साधारण 10 ग्रॅम प्रोटीन, 23 ग्रॅम कार्ब्स आणि 13 ग्रॅम फॅट निघतं. प्रोटीन आणि कार्ब्सच्या ग्रॅमला 4, फॅटच्या ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या की सुमारे 250 कॅलरी होतात. यातल्या जवळपास शंभर कॅलरी एकट्या तेलाच्या आहेत. तेल विचारलं नसतं तर हिशोब इथेच चुकला असता.

चपातीचंही तसंच. किलोभर पिठात 32 चपात्या होत असतील, तर एका चपातीत 31 ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण 3 ग्रॅम प्रोटीन. वर लावलेलं तेल वेगळं धरायचं.

कुठे चुकतं?

पहिली चूक कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत. 160 ग्रॅम शिजलेल्या मसुरासाठी कच्च्या मसुराचा आकडा लावला, तर प्रोटीन 36 ग्रॅम दिसेल. एका वाटीत एवढं प्रोटीन दिसलं की समजावं, गल्लत झाली.

दुसरी अडचण आपल्याकडच्या कटाची. रस्सा किंवा आमटीवर तेल तरंगतं. वाढणाऱ्यानं डाव वरून घेतला की जास्त तेल, तळातून घेतला की डाळ जास्त. अशा वेळी भांड्याच्या सरासरीवर विसंबता येत नाही. वाढण्याआधी ढवळतात का, तेवढं पाहा.

तिसरी गोष्ट वाढपाची. रोजची वाटी सारखी भरत नाही. पाच दिवस रिकामी आणि भरलेली वाटी तोला, फरकांची सरासरी काढा आणि तीच धरा. तळलेल्या पदार्थांना मात्र ही रीत लागू पडत नाही. कढईतल्या तेलापैकी किती भज्यात गेलं हे जिन्नसांच्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी तळणीच्या आधी आणि नंतर तेल तोलावं लागतं. ते जमत नसेल, तर त्या दिवशीचा आकडा अंदाजच समजावा.