सिक्रेट सांता

सिक्रेट सांता ही नाताळच्या सुमारास गटातील सदस्यांनी एकमेकांना गुप्तपणे भेटवस्तू देण्याची प्रथा आहे. प्रत्येक सहभागी व्यक्तीला चिठ्ठीने दुसऱ्या एका सदस्याचे नाव मिळते आणि ती केवळ त्याच व्यक्तीसाठी ठरलेल्या मर्यादेत भेट आणते. देणाऱ्याचे नाव वाटप होईपर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही, उघड केले जात नाही. ही प्रथा कार्यालयांत विशेष रूढ आहे. भारतात मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील अनेक कार्यालयांतही डिसेंबरमध्ये ती पाळली जाते.

## इतर नावे
जर्मनीत या प्रथेला ‘विख्टेल्न’, तर स्पेनमध्ये ‘आमिगो इनव्हिसिब्ले’ (अदृश्य मित्र) म्हणतात. ऑस्ट्रेलियात ती ‘क्रिस क्रिंगल’ या नावानेही ओळखली जाते.

## चिठ्ठ्या काढणे
सर्वांची नावे एका डब्यात टाकून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. तिच्यात एखाद्याला स्वतःचेच नाव येण्याचा संभव बराच असतो. तीन व्यक्ती असल्यास चिठ्ठ्यांचे वाटप सहा प्रकारे होऊ शकते. त्यांपैकी दोनच प्रकारांत कोणालाही स्वतःचे नाव येत नाही. सदस्य वाढले, तरी असे निर्दोष वाटप होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणून अनेकदा सर्व चिठ्ठ्या परत टाकून सोडत पुन्हा काढावी लागते.

दुसऱ्या पद्धतीत संयोजक नावांची यादी कोणत्याही क्रमाने पिसतो. प्रत्येकाने यादीतील पुढच्या व्यक्तीला आणि शेवटच्याने पहिल्या व्यक्तीला भेट द्यायची असते. यात स्वतःचे नाव येऊच शकत नाही. एखादी व्यक्ती मध्येच बाहेर पडल्यास तिच्या आधीच्या सदस्याला तिच्यानंतरच्या सदस्याचे नाव देऊन साखळी पुन्हा जोडता येते. मात्र सर्व जोड्या संयोजकाला ठाऊक होतात. तो स्वतः सहभागी असल्यास त्याच्यापुरते रहस्य उरत नाही.

## खर्चाची मर्यादा
एकाच गटात नव्याने रुजू झालेला कर्मचारी आणि विभागप्रमुख दोघेही असू शकतात. मर्यादा कमी ठेवल्याने पगारातील अंतर भेटींमधून दिसत नाही व कोणावर आर्थिक ताण येत नाही. मर्यादा ओलांडलेली भेट उदार वाटली, तरी तिच्यामुळे नियम पाळणाऱ्यांच्या भेटी थिट्या दिसतात आणि स्वीकारणारा संकोचतो.

कमी मर्यादेमागे आर्थिक कारणही दाखवता येते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटींवर निबंध प्रसिद्ध केला. भेट घेणाऱ्याच्या लेखी वस्तूचे मोल तिच्या किमतीपेक्षा कमी असते, आणि ही तूट किमतीच्या एक दशांश ते एक तृतीयांश असावी, असा अंदाज त्यांनी मांडला. जवळच्या मित्रांच्या भेटींपेक्षा दूरच्या नातेवाइकांच्या भेटींत ती अधिक आढळली. अल्पपरिचित सहकाऱ्याच्या बाबतीतही आवडीनिवडीची माहिती अशीच अपुरी असते. किंमत कमी असल्यास निवड चुकूनही नुकसान थोडेच होते.

## अल्पपरिचित व्यक्तीसाठी निवड
मापाचे कपडे, सुगंधी द्रव्ये आणि शरीरावर किंवा सवयींवर टिप्पणी करणाऱ्या गमतीच्या वस्तू यांसाठी निकटचा परिचय लागतो. खाद्यपदार्थांच्या बाबतीत अंडे, कांदा-लसूण किंवा साखर वर्ज्य असण्याची शक्यता असते. त्यामुळे काही कार्यालयांत चिठ्ठीवर नावाखाली आवड व वर्ज्य गोष्टी एका ओळीत लिहून घेतात.

उदाहरणार्थ, मर्यादा ३०० रुपये आहे आणि लेखा विभागातील सहकाऱ्याच्या चिठ्ठीवर ‘चहा आवडतो, गोड नको’ एवढेच आहे, असे समजू. १६० रुपयांची चहापत्ती, ७० रुपयांची स्टीलची गाळणी आणि ३० रुपयांचा वेष्टनाचा कागद व पिशवी मिळून २६० रुपये होतात. याच वस्तू ऑनलाइन मागवून ६० रुपये घरपोच शुल्क पडले, तर एकूण खर्च ३२० रुपये होतो. मर्यादा फक्त वस्तूच्या किमतीला लागू आहे की वेष्टन व शुल्क धरून, हे आधी स्पष्ट नसल्यास वाद उद्भवतो. चिठ्ठीवर ओळ नसल्यास त्या व्यक्तीच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याकडे चौकशी केली जाते. मात्र त्यातून देणाऱ्याचे नाव फुटू शकते.

## अडचणी
वाटपाच्या दिवशी देणारा गैरहजर राहिला किंवा भेट आणण्यास विसरला, तर एकच व्यक्ती सर्वांसमक्ष रिकाम्या हाताने राहते. यासाठी भेटी आदल्या दिवशी संयोजकाकडे जमा करून मोजल्या जातात आणि एक जादा भेट राखून ठेवतात.

सहभाग ऐच्छिक असला, तरी वरिष्ठांसमोर नकार देणे कनिष्ठांना किंवा कंत्राटी कर्मचाऱ्यांना अवघड जाते. सर्वांची नावे परस्पर यादीत घालून नको असलेल्यांना ती काढायला सांगण्यापेक्षा, इच्छुकांनी स्वतः नाव नोंदवण्याची पद्धत या दृष्टीने अधिक सोयीची ठरते. नाव न देणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही.

## हे सुद्धा पहा
* नाताळ
* सांता क्लॉज
* भेटवस्तू