गावात नेट नाही? अख्खा विकिपीडिया फोनमध्ये घेऊन जा: किविक्सची पूर्ण पद्धत

माझी मावसबहीण पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते, यंदा बारावी सायन्सला आहे. तिथे नेटवर्क टेकडीवर गेलं तर मिळतं, आणि पावसाळ्यात तर तिथेही मिळेलच असं नाही. दिवाळीला भेटली तेव्हा म्हणाली, "दादा, पुस्तकात एखादा शब्द अडला की तो अडलेलाच राहतो. विचारायचं कोणाला?" तिच्या फोनमध्ये नऊ जीबी जागा रिकामी होती. तेवढ्या जागेत काय बसवलं, कसं बसवलं आणि मी कुठे चुकलो, ते सगळं इथे सांगतो.

किविक्स म्हणजे काय?

किविक्स हे मोफत अॅप आहे. प्ले स्टोअरवर `Kiwix` असं टाइप केलं की सापडतं. अॅप स्वतः रिकामं असतं. त्यात वाचायचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये येतो आणि त्या फाइलच्या शेवटी `.zim` असतं. एका झिम फाइलमध्ये विकिपीडियाचे हजारो लेख दाबून भरलेले असतात. फाइल एकदा फोनमध्ये आली की शोधायला आणि वाचायला नेट अजिबात लागत नाही.

या फाइल अॅपमधूनही उतरवता येतात किंवा `download.kiwix.org/zim/wikipedia` या पानावरून. तिथे नावांची लांबलचक यादी दिसते. घाबरू नका, नावातच सगळी माहिती असते. `wikipedia_mr_all_maxi` यातलं `mr` म्हणजे मराठी आणि `all` म्हणजे सगळे लेख. शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. `maxi` मध्ये पूर्ण लेख चित्रांसकट मिळतात. `nopic` मध्ये लेख पूर्ण असतात, पण चित्रं नसतात. `mini` मध्ये प्रत्येक लेखाची फक्त सुरुवात आणि बाजूचा माहितीचा चौकोन असतो. त्यापुढे वर्ष आणि महिना लिहिलेला असतो. फाइलमधली माहिती तेव्हापर्यंतचीच आहे असं समजायचं.

नऊ जीबीत काय बसवायचं?

संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट घ्यायचा तर शंभर जीबीहून जास्त लागतात, म्हणजे तो विषयच संपला. माझी पहिली चूक इथेच झाली. मी ठरवलं, इंग्रजीचा `mini` घेऊ. तो दहा जीबीच्या वर भरला. तिच्या फोनमध्ये बसणारच नव्हता, शिवाय बारावीच्या पोरीला लेखाची नुसती सुरुवात वाचून काय कळणार?

मग दोन फाइल निवडल्या. पहिली मराठी विकिपीडियाची `maxi`. इंग्रजीच्या मानाने ती खूपच लहान असते. दुसरी `wikipedia_en_simple_all_maxi`, म्हणजे सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया. यात वाक्यं लहान आणि शब्द नेहमीचे असतात. आकार साधारण तीन जीबी. जागा कमी असेल तर याचाच `nopic` घ्या, पण आकृत्या गेल्या की जीवशास्त्राला अडचण होते.

दोन का? मराठी विकिपीडियावरचे बरेच लेख दोन-चार ओळींचेच आहेत. पण मराठी लेखाच्या पहिल्या ओळीत बऱ्याचदा इंग्रजी नाव दिलेलं असतं. ते नाव घेऊन दुसऱ्या फाइलमध्ये शोधायचं. बहिणीला "प्रकाशसंश्लेषण" हवं होतं, ते शेवटी `Photosynthesis` या नावाने नीट वाचायला मिळालं. मराठीत शोधताना शब्द सापडला नाही तर जोडून, तोडून, मध्ये छोटी रेघ देऊन आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा. लेख असतो, पण शीर्षक वेगळं लिहिलेलं असतं.

फाइल धड उतरली का, ते कसं ओळखायचं?

तीन जीबी उतरवायला चांगलं वायफाय हवं. मी नाशिकला माझ्या खोलीवर लॅपटॉपवर उतरवलं. मध्ये नेट गेलं आणि ब्राउझरने अर्धवट फाइल तशीच ठेवून दिली. नाव बरोबर दिसत होतं, म्हणून मी ती पेनड्राइव्हवर घालून गावी नेली. किविक्सने ती उघडलीच नाही. एसटीचं भाडं आणि एक रविवार फुकट गेला.

म्हणून आता आधी तपासतो. वेबसाइटवर दिसणारा आकार आणि आपल्या फाइलचा आकार जुळतो का ते बघा. पक्की खात्री हवी असेल तर फाइलच्या लिंकच्या शेवटी `.sha256` जोडून ती ब्राउझरमध्ये उघडा. एक लांबलचक आकडा मिळतो. मग विंडोज लॅपटॉपवर ही कमांड द्या, `file.zim` च्या जागी आपल्या फाइलचं नाव टाकून:

```
certutil -hashfile file.zim SHA256
```

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले तर फाइल पूर्ण आहे. एक अक्षर जरी वेगळं असेल तरी पुन्हा उतरवा.

पेनड्राइव्हचीही एक भानगड आहे. बरेच पेनड्राइव्ह आणि 32 जीबीपर्यंतची मेमरी कार्डं `FAT32` पद्धतीची असतात. त्यांच्यावर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल जात नाही, कितीही जागा रिकामी असली तरी. आपली तीन जीबीची फाइल मात्र आरामात जाते.

फोनमध्ये टाकताना

ओटीजीने फाइल फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये घ्या आणि किविक्समधून ती निवडा. अँड्रॉइड 11 पासून प्ले स्टोअरवालं किविक्स बाहेरच्या फोल्डरमधली फाइल थेट वाचू शकत नाही. ते ती स्वतःच्या फोल्डरमध्ये नेतं आणि विचारतं: `Copy` की `Move`? इथे `Move` निवडा. `Copy` केलं तर तीच फाइल दोनदा राहते, म्हणजे तीनच्या जागी सहा जीबी जातात.

आणि एक लक्षात ठेवा. फाइल आता अॅपच्या फोल्डरमध्ये आहे, त्यामुळे अॅप काढून टाकलं तर फाइलही जाते. फोन स्लो झाला म्हणून अॅप काढून परत टाकू, असं करू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

निघण्यापूर्वी मी तिचा फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि तिला पाच शब्द शोधायला लावले. पाचही उघडले, आकृत्यांसकट. ही चाचणी गावी पोचल्यावर नाही, नेट असतानाच करायची.

एका फोनवर चार जणी

किविक्समध्ये हॉटस्पॉटचीही सोय आहे. आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून किविक्समध्ये फाइल निवडली की स्क्रीनवर एक पत्ता येतो. मैत्रिणींनी त्या हॉटस्पॉटला जोडून तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्यांनाही तेच लेख दिसतात. त्यांच्याकडे अॅप नको, कोणाचा डेटा खर्च होत नाही. बॅटरी मात्र भराभर उतरते, म्हणून चार्ज करून बसायचं.

यात चालू घडामोडी मिळणार नाहीत आणि हे पाठ्यपुस्तकाची जागाही घेणार नाही. पण परवा टेकडीवर जाऊन तिने मला मेसेज टाकला: "दादा, काल तीन शब्द अडले. तिन्ही घरीच सुटले."