पेअर प्रोग्रामिंग फेरी: सूचना घ्यावी, निर्णय आपला ठेवावा

पेअर प्रोग्रामिंगच्या फेरीत मुलाखतकार सहकाऱ्यासारखा कोड लिहिण्यात सहभागी होतो. त्याने काही सुचवले म्हणजे उमेदवार नापास झाला, असे नाही. त्या सूचनेचे उमेदवार काय करतो, हे तो पाहत असतो.

समजा, यादीतील ज्या दोन संख्यांची बेरीज 6 येते, त्यांची स्थाने शोधायची आहेत. उमेदवार प्रत्येक जोडी तपासतो. यादीत 10,000 संख्या असतील, तर अशा जोड्या सुमारे 5 कोटी होतात. मुलाखतकार विचारतो, "यादी आधी सॉर्ट केली तर?"

इथे लगेच टाइप करू नये आणि आपल्याच पद्धतीला चिकटूनही राहू नये. सूचना आपल्या शब्दांत मांडून छोट्या उदाहरणावर तपासावी: "`[3, 5, 1]` सॉर्ट केल्यावर `[1, 3, 5]` होईल. मग दोन्ही टोकांकडून शोधता येईल, काम खूप कमी होईल. पण 5 आणि 1 यांची मूळ स्थाने हरवतील. म्हणून सॉर्ट करण्याआधी प्रत्येक संख्येसोबत तिचे स्थान जोडून ठेवतो."

कल्पना मुलाखतकाराची, पण तिच्यातली अडचण उमेदवाराने शोधली आणि सोडवली. उलट, "हे असे का केले?" या प्रश्नावर "तुम्ही सांगितले म्हणून" एवढेच उत्तर उरले, तर कोड आपला राहिलेला नसतो.