पिंपळे सौदागरचे तुकडे आणि एका विहिरीचा हिशेब

आज पिंपळे सौदागर म्हटलं की उंच सोसायट्या डोळ्यांसमोर येतात. पण शेतीच्या इतिहासात हे गाव ओळखलं जातं ते हॅरॉल्ड मान यांच्या १९१७च्या पाहणीमुळे. मान पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी जुनी दफ्तरं लावून दाखवलं की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती.

वाचताना आपण इथेच थांबतो, आणि तिथेच चूक होते. धारणा लहान होणं वेगळं आणि तिचे तुकडे पडणं वेगळं. समजा, तिघा भावांची सहा एकर जमीन तीन ठिकाणी आहे, प्रत्येक ठिकाणी दोन एकर. प्रत्येकाने एकेक ठिकाण घेतलं तर वाटणी सोपी. पण एक शेत काळं, एक मुरमाड, एक ओढ्याकाठचं. मग काळं कोणी सोडायचं? म्हणून तिन्ही शेतांची तीन-तीन वाटण्या होतात. प्रत्येकाला दोन एकरच मिळतात, पण साधारण २७-२७ गुंठ्यांच्या तीन पट्ट्यांत. (याला नुसता अडाणीपणा म्हणू नका. पाऊस दगा देतो तेव्हा तीन प्रकारची माती हाच विमा असतो.)

आता विहीर. खोदायचा खर्च २७ गुंठ्यांसाठी आणि दोन एकरांसाठी सारखाच. आणि पाणी दुसऱ्या पट्टीवर न्यायचं तर पाट भावाच्या शेतातून जाणार. त्यामुळे विहीर होतच नाही, किंवा सामाईक होते आणि पाळीवरून भांडणं सुरू होतात.

१९४७च्या मुंबई तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राखालचा तुकडा विकण्यावर बंधनं घातली. वारसाहक्क मात्र चालूच राहिला. परिणाम असा की कित्येक सातबारे आजही सामाईक दिसतात आणि बांधावर वाटणी कधीच होऊन गेलेली असते. कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, त्यातला एक मुंबईला. म्हणजे नुसता सातबारा मोजून तुकड्यांचा आकडा काढलात तर तो कमीच येणार.

कुळांचंही तसंच. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनंतर अनेक कुळं मालक झाली. पण मालकांनी धसका घेतला. बटाई तोंडी झाली, वर्षा-दोन वर्षांनी माणूस बदलायला लागला. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षं पुरतो. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे असेल की नाही हे माहीत नसलेला बटाईदार गाडीभर खत कशाला टाकेल?

पण बटाईची जमीन मुळातच हलकी असेल तर? ही शंका रदवान शाबान यांनी १९८७च्या लेखात सोडवली. इक्रिसॅटच्या गावपाहणीतून त्यांनी स्वतःची जमीन असून बटाईनेही कसणारी कुटुंबं निवडली आणि त्याच कुटुंबाची दोन्ही शेतं ताडून पाहिली. माणूस, बैल, अक्कल तीच. मातीचा आणि पाण्याचा फरक वगळल्यावरही स्वतःच्या शेतात मेहनत आणि उत्पन्न जास्तच निघालं. त्या पाहणीत सोलापूरकडचं शिरापूरही आहे. तुमचा विषय महाराष्ट्राचा असेल तर तिथूनच सुरुवात करा.