काळ्या शाईचा कुंचला

रुडयार्ड किपलिंग आपला मजकूर लेखणीने नव्हे, कुंचल्याने कापत असे. 'समथिंग ऑफ मायसेल्फ' हे त्याचे आत्मकथन त्याच्या मृत्यूनंतर १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ही रीत त्याने सांगितली आहे. चांगली घोटलेली काळी शाई आणि दोन ओळींमधल्या जागेला साजेसा कुंचला घ्यायचा. परिच्छेद, वाक्य, शब्द असे क्रमाने तपासून नको ते काळे करायचे. मग मजकूर शक्य तितके दिवस पडू द्यायचा. पुन्हा वाचला की आणखी काही गाळता येते. शेवटी एकट्याने, सावकाश, मोठ्याने वाचायचे. काही कथा त्याने अशा तीन ते पाच वर्षे ठेवल्या होत्या.

ही सवय लागली लाहोरच्या वर्तमानपत्रात. तिथे त्याच्या कथेला बाराशे शब्दांच्या आसपासच जागा मिळे.

नुसती रेघ मारली तर खालचा शब्द दिसत राहतो आणि त्याचा मोह सुटत नाही. बहुधा म्हणूनच त्याने शाई निवडली असावी.

ही रीत मी याच लेखाच्या पहिल्या खर्ड्यावर वापरून पाहिली. तो खर्डा किपलिंगच्या मुंबईतल्या जन्मापासून सुरू होत होता. १८६५ साल, वडिलांची जे. जे. कलाशाळेतली नोकरी, मुलाची इंग्लंडला रवानगी अशी दीड पाने झाल्यावर कुंचला उगवत होता. माहिती खरी होती, पण ती काढल्यावर पुढचे एकही वाक्य अडले नाही. म्हणून ती गेली. वर्तमानपत्राने त्याला आटोपशीरपणा शिकवला, हे मी तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिले होते. बाराशे शब्दांचा आकडा असलेले ठेवले. उरलेली दोन त्याचीच मोघम रूपे होती. 'वस्तुतः', 'एक प्रकारे', 'असे म्हणावे लागेल' हे मोठ्याने वाचताना सापडले. तिथे जीभ घाईने पुढे पळत होती.

त्याच भरात मी वरच्या वाक्यातले 'बहुधा' आणि 'असावी' हेही काळे केले. वाक्य ठसठशीत झाले आणि खोटेही झाले. खालच्या शब्दाचा मोह सुटावा म्हणून शाई निवडली, असे किपलिंग सांगत नाही. तो माझा तर्क आहे. दोन शब्द गाळताच तर्काची नोंद झाली. पुढच्या अभ्यासकाने ती पुरावा म्हणून उचलली असती.

कथाकाराला ही अडचण नाही. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र प्रत्येक शब्द गाळताना विचारावे, की विधान लहान झाले की पक्के झाले? लहान झाले तर शब्द भरतीचा होता. पुराव्यावाचून पक्के झाले, तर शब्द परत घ्यावा.

मात्र काळ्या शाईखालून शब्द परत मिळत नाही. म्हणून मी कुंचला चालवतो तो खर्ड्याच्या नकलेवर. मूळ खर्डा बाजूला ठेवतो.